इनव्हॉइस, शिपिंग बिल आणि बँकेची ॲडव्हाइस : तीन कागद कसे जुळवायचे

मागच्या वेळी आपण आयईसी, एडी कोड आणि एलयूटी या तयारीबद्दल बोललो होतो. आज माल निघाल्यानंतरच्या कागदांकडे वळू. विषय एकच आहे: निर्यातीचं इनव्हॉइस, जहाजाचे कागद आणि परदेशातून पैसे आल्यावर बँक देते ती रेमिटन्स ॲडव्हाइस, हे एकमेकांशी जुळवायचे कसे. लेटर ऑफ क्रेडिटचा भाग आज बाजूला ठेवतो. तिथले नियम वेगळे आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. पुष्कळांची समजूत अशी असते की पैसे खात्यात जमा झाले, विषय संपला. तसं नाही. तुमचं शिपिंग बिल कस्टम्सकडून रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या यंत्रणेत आपोआप जातं आणि तिथं तुमच्या बँकेच्या नावावर 'येणं बाकी' म्हणून उभं राहतं. ही यंत्रणा २०१४ पासून चालू आहे. परदेशातून आलेले पैसेही बँक तिथं नोंदवते, पण वेगळी नोंद म्हणून. एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला पैसे. हे पैसे त्या मालाचे आहेत, हे जोडायचं काम आपोआप होत नाही. तुम्ही बँकेला कागद देऊन सांगायचं, मग बँक जोडते. ते जोडलं नाही तर पैसे हातात असूनही तुमचं बिल थकीतच दिसतं.

थकीत दिसलं तर काय होतं? पैसे आणायला कायद्यानं मुदत आहे. बरीच वर्षं ती नऊ महिन्यांची होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये ती १५ महिन्यांची झाली. जीएसटीचा रिफंड घेतला असेल आणि मुदतीत पैसे आल्याचं दाखवता आलं नाही, तर जीएसटीच्या नियम ९६ब प्रमाणे मुदत संपल्यापासून ३० दिवसांत, न आलेल्या रकमेच्या प्रमाणात, तो रिफंड व्याजासह परत भरावा लागतो. म्हणजे प्रश्न फाइल नीटनेटकी ठेवण्यापुरता नाही. प्रश्न खिशातल्या पैशाचा आहे.

एक उदाहरण घेऊ

आपण सांगलीच्या हळदीचं उदाहरण घेऊ. आकडे मी समजण्यासाठी धरलेले आहेत, दर आजचा बाजारभाव समजू नका.

सांगलीचा एक निर्यातदार दुबईच्या खरेदीदाराला हळकुंडं पाठवतो. २५ किलोच्या ५६० गोण्या, म्हणजे १४,००० किलो निव्वळ वजन. एक वीस फुटी कंटेनर. दर किलोला १.८० डॉलर, जेबेल अली बंदरापर्यंत सीआयएफ. एकूण २५,२०० डॉलर. अट अशी की ३० टक्के आगाऊ आणि बाकीचे कागदांच्या प्रती पाहिल्यावर. म्हणजे ७,५६० आधी आणि १७,६४० नंतर. एलयूटीवर निर्यात, त्यामुळे आयजीएसटी भरलेला नाही.

इनव्हॉइसमध्ये काय असतं

इनव्हॉइसचे रकाने मी चार गटांत सांगतो, म्हणजे लक्षात राहतील.

पहिला गट, कोण कोणाला. तुमचं नाव आणि पत्ता, आयईसी, जीएसटीआयएन. खरेदीदाराचं नाव. माल घेणारा वेगळा असेल तर त्याचंही नाव. तुमच्या बँकेचं नाव, खातं आणि एडी कोड. नाव आयईसीवर जसं आहे तसंच अक्षर न् अक्षर लिहायचं. एका जागी 'अँड सन्स' आणि दुसऱ्या जागी नुसतं 'सन्स', असं चालत नाही.

दुसरा गट, काय आणि किती. मालाचं वर्णन, एचएस कोड, गोण्यांची संख्या, गोणीवरच्या खुणा, निव्वळ वजन, दर, एकूण रक्कम आणि चलन. हळदीचा एचएस कोड 091030 नं सुरू होतो, पुढचे आकडे ओली, वाळलेली की पूड यावर ठरतात.

तिसरा गट, कसं आणि कुठं. माल चढायचं बंदर, उतरायचं बंदर, मूळ देश, शेवटचा देश आणि सीआयएफ, एफओबी यासारखी अट. ही अट अडीच-तीन अक्षरांची दिसते, पण पुढे सगळा हिशेब तिच्यावर फिरतो. तिच्यापाशी परत येऊ.

चौथा गट, पैसे आणि कर. पैसे देण्याची अट, आगाऊ रक्कम आली असेल तर तिचा उल्लेख आणि जीएसटी नियम ४६ मध्ये सांगितलेला शेरा. आपल्या उदाहरणात तो असा, की हा पुरवठा एलयूटीखाली, आयजीएसटी न भरता निर्यातीसाठी आहे.

आणि या सगळ्यांच्या वर इनव्हॉइस नंबर आणि तारीख. नियम ४६ प्रमाणे नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा हवा आणि त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा यायला नको. आपल्या निर्यातदाराचा नंबर धरू SH/EXP/017/25-26. मोजून बघा, बरोबर १६ भरतात.

आता एक छोटी सवय सांगतो, जी फार थोडे लोक पाळतात. आगाऊ रक्कम आली तेव्हा हे इनव्हॉइस अजून जन्मालाच आलेलं नव्हतं. खरेदीदारानं पैसे पाठवले ते प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर. त्याचा नंबर समजा PI-09. बँकेच्या ॲडव्हाइसवर PI-09 आलं आणि शिपिंग बिलात SH/EXP/017/25-26 आहे, तर बँकेतल्या माणसानं हे दोन जोडायचे कशाच्या आधारावर? म्हणून अंतिम इनव्हॉइसवर एक ओळ लिहायची: प्रोफॉर्मा PI-09, अमुक तारखेचा, त्यापोटी आगाऊ ७,५६० डॉलर, बँकेचा रेमिटन्स संदर्भ क्रमांक अमुक. तेवढ्या एका ओळीनं पुढचा पत्रव्यवहार वाचतो.

इनव्हॉइस आणि जहाजाचे कागद

माल निघण्याआधी कस्टम ब्रोकर, ज्याला आपण अजून सीएचए म्हणतो, तो तुमच्या इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्टवरून शिपिंग बिल भरतो. दाखल करण्याआधी तो तुम्हाला एक चेकलिस्ट पाठवतो. ती बहुतेक वेळा संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येते आणि 'ओके' लिहून परत जाते. मंडळी, जुळवणीची सगळ्यात स्वस्त वेळ ही आहे. लेट एक्सपोर्ट ऑर्डर झाल्यानंतर दुरुस्ती हवी असेल तर कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. चेकलिस्टवर ती दोन मिनिटांत होते.

चेकलिस्टवर काय बघायचं? आधी इनव्हॉइस नंबर. ब्रोकरकडच्या मुलानं SH/EXP/17/25-26 असं टाइप केलं, मधला शून्य गेला, तर माणसाला दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला नाही. जे आयजीएसटी भरून निर्यात करतात त्यांच्यासाठी तर शिपिंग बिल हाच रिफंडचा अर्ज असतो. जीएसटीआर-१ मधला नंबर आणि शिपिंग बिलातला नंबर वेगळा निघाला की SB005 ही चूक येते आणि रिफंड अडकतो. आपला निर्यातदार एलयूटीवाला आहे. त्याला SB005 भेटणार नाही, पण जमा झालेल्या इनपुट क्रेडिटचा रिफंड मागताना अधिकारी हेच नंबर ताडून बघतात. जीएसटीआर-१ भरताना बंदराचा कोडही बघा. न्हावा शेवा असेल तर INNSA1.

मग किंमत. इनव्हॉइस सीआयएफ २५,२०० डॉलरचं. शिपिंग बिलात ते तीन तुकड्यांत दिसतं. समजा जहाजाचं भाडं ५०० आणि विमा ४०, तर एफओबी किंमत २४,६६०. तिन्ही मिळून २५,२०० व्हायला पाहिजेत. भाड्याचा आकडा फॉरवर्डरच्या बिलातून घ्यायचा, अंदाजानं टाकायचा नाही.

हे बरोबर आहे का, याची खूण बिल ऑफ लेडिंगवर मिळते. तिथं 'फ्रेट प्रीपेड' असेल तर भाडं विकणाऱ्यानं भरलं. म्हणजे इनव्हॉइस सीआयएफ किंवा सीएफआर असायला पाहिजे. इनव्हॉइसवर एफओबी आणि बिल ऑफ लेडिंगवर प्रीपेड असं दिसलं, की भाड्याचे पैसे खरेदीदार कुठल्या कागदावर देणार, असा प्रश्न उभा राहतोच. 'फ्रेट कलेक्ट' असेल तर याच्या उलट.

मग वजन. इथं लोक उगाच घाबरतात. इनव्हॉइसवर १४,००० किलो आणि बिल ऑफ लेडिंगवर १४,०५६ किलो, हा फरक चूक नाही. इनव्हॉइसवर निव्वळ वजन आहे, बिल ऑफ लेडिंगवर गोणीसकट. एक रिकामी गोणी १०० ग्रॅमची धरली तर ५६० गोण्यांचे ५६ किलो होतात. हा दुवा पॅकिंग लिस्टमध्ये लिहिलेला पाहिजे, म्हणून पॅकिंग लिस्टवर निव्वळ आणि एकूण अशी दोन्ही वजनं हवीत. गोण्यांची संख्या मात्र चारही कागदांवर ५६०च पाहिजे. कंटेनर नंबर आणि सील नंबरही तसेच.

शेवटी तारखा. आगाऊ रक्कम, मग इनव्हॉइस, मग शिपिंग बिल, मग लेट एक्सपोर्ट ऑर्डर, मग जहाजावर माल चढल्याची तारीख. हा क्रम उलटा दिसला, म्हणजे लेट एक्सपोर्ट ऑर्डरच्या आधीच माल जहाजावर चढलेला दिसला, तर कुठंतरी तारीख चुकली आहे. माल गेल्यापासून २१ दिवसांत हे सगळे कागद आपल्या एडी बँकेत द्यायचे असतात. थेट खरेदीदाराला पाठवले असले तरी बँकेची प्रत चुकवायची नाही.

आता पैसे येतात

बँक जी फॉरेन इनवर्ड रेमिटन्स ॲडव्हाइस देते, तिच्यावर पाच गोष्टी वाचायच्या: संदर्भ क्रमांक आणि तारीख, पैसे कोणी पाठवले, परकीय चलनातली रक्कम, विनिमय दर आणि पर्पज कोड. मालाच्या आगाऊ रकमेला P0103 आणि वसुलीला पाठवलेल्या बिलाच्या पैशाला P0102. आगाऊ रकमेवर चुकून सेवा निर्यातीचा कोड पडला, तर ती रक्कम मालाच्या शिपिंग बिलाला जोडताना अडते. पैसे आल्यावर बँक पर्पज कोड विचारते तेव्हाच तो नीट द्यायचा.

आपल्या उदाहरणात आगाऊ रकमेच्या ॲडव्हाइसवर ७,५४० डॉलर आले, ७,५६० नाही. दुसऱ्या ॲडव्हाइसवर १७,६४० च्या जागी १७,४३५. दोन्ही मिळून २४,९७५. इनव्हॉइसपेक्षा २२५ डॉलर कमी.

इथं दोन सापळे आहेत.

पहिला सापळा एफओबीचा. कोणीतरी म्हणतं, शिपिंग बिलात एफओबी २४,६६० आहे, आपल्याकडे २४,९७५ आले, म्हणजे जास्तच आले. नाही. तुम्ही खरेदीदाराला २५,२०० लावले, तर पूर्ण इनव्हॉइसची रक्कम यायला पाहिजे. भाडं आणि विमा तुम्ही आपल्या खिशातून भरलेत आणि तेही त्याच रकमेतून वसूल व्हायचे आहेत. बँकेच्या लेखी २२५ डॉलर बाकी आहेत.

दुसरा सापळा रुपयांचा. शिपिंग बिलात रुपये कस्टम्सनं जाहीर केलेल्या दरानं निघतात. समजा तो दर ८५. इनव्हॉइस झालं २१,४२,००० रुपयांचं. बँकेनं आगाऊ रक्कम ८४.६० नं बदलली, त्याचे ६,३७,८८४ रुपये. उरलेली ८६.१० नं बदलली, त्याचे १५,०१,१५३ रुपये ५० पैसे. बेरीज २१,३९,०३७ रुपये ५० पैसे. फरक जेमतेम तीन हजार रुपयांचा दिसतो आणि अकाउंटंट तो विनिमय फरकात टाकून मोकळा होतो. पण खरी तूट २२५ डॉलरची, म्हणजे एकोणीस हजार रुपयांच्या वर आहे. मध्ये रुपया घसरला म्हणून ती झाकली गेली. म्हणून जुळवणी नेहमी इनव्हॉइसच्या चलनात करायची. रुपयातला फरक हा वहीतला वेगळा विषय आहे.

२२५ डॉलर गेले कुठं

तूट दिसली की एकच आकडा घेऊन बँकेत जायचं नाही. आधी तिचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला कागद शोधायचा.

आगाऊ रकमेतले २० डॉलर वाटेतल्या बँकांनी कापले. दुसऱ्या रकमेत २५ डॉलर तसेच कापले गेले. हे कशावरून कळतं? बँकेच्या ॲडव्हाइसवर बहुधा हाती आलेली रक्कमच असते. म्हणून बँकेकडून स्विफ्ट संदेशाची प्रत मागायची. MT103 संदेशात 33B या रकान्यात पाठवणाऱ्यानं सांगितलेली मूळ रक्कम असते, 32A मध्ये पुढे पोचलेली रक्कम आणि 71F मध्ये वाटेत कापलेला आकार. आता बँका नव्या साच्याच्या संदेशांकडे वळल्या आहेत. तिथं रकान्यांची नावं वेगळी, पण माहिती हीच मागायची.

दुसऱ्या संदेशात मूळ रक्कम १७,४६० दिसली. म्हणजे खरेदीदारानंच १७,६४० पाठवले नाहीत. १८० त्यानं स्वतः कापले. विचारल्यावर कळलं की चार गोण्या ओल्या निघाल्या. शंभर किलो, १.८० नं १८० डॉलर. आता हिशेब लागला:

- इनव्हॉइस : २५,२००
- हाती आले : ७,५४० + १७,४३५ = २४,९७५
- वाटेतल्या बँकांचा आकार : २० + २५ = ४५
- ओल्या गोण्यांची वजावट : १८०
- बेरीज : २५,२००

दोन तुकड्यांची वाट वेगळी आहे. ४५ डॉलर हा बँकांचा आकार, त्याला स्विफ्टची प्रत पुरावा म्हणून लावायची. १८० डॉलर ही किमतीतली घट आहे. त्यासाठी खरेदीदाराचा ईमेल, फोटो किंवा सर्व्हे रिपोर्ट आणि तुमची क्रेडिट नोट लावून बँकेकडे रक्कम कमी करून घ्यायचा अर्ज करायचा. नियमांच्या मर्यादेत बँकेला तो अधिकार आहे. त्या १८० डॉलरवर निर्यातीचा काही लाभ घेतला असेल, तर तो त्या प्रमाणात परत करावा लागू शकतो, हेही ध्यानात ठेवा. सगळी २२५ ची रक्कम 'बँक चार्जेस' म्हणून दाखवायचा मोह होतो, पण स्विफ्टची प्रत तुमच्या विरुद्ध साक्ष देते.

मग बँकेला एकच पत्र द्यायचं. शिपिंग बिल नंबर, तारीख, बंदराचा कोड, इनव्हॉइस नंबर, दोन्ही रेमिटन्सचे संदर्भ क्रमांक, कुठल्या रेमिटन्समधली किती रक्कम या बिलाला लावायची ते आणि फरकाचा वरचा तक्ता. बँकेनं जोडणी केली की ईडीपीएमएसमधलं ते बिल बंद होतं. ईबीआरसी २०२३ च्या अखेरीपासून निर्यातदार स्वतः डीजीएफटीच्या पोर्टलवर काढू शकतो, पण तिथंही बँकेनं पाठवलेली रेमिटन्सची नोंद समोर असावी लागते आणि शिपिंग बिलाशी ती तुम्हीच जोडायची असते. इथं घाईत चुकीचं बिल निवडलं, तर एका कंटेनरचे पैसे दुसऱ्याच्या नावावर बसतात.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : सर, दुबईच्या पार्टीनं पैसे त्याच्या दुसऱ्या कंपनीकडून पाठवले. चालतं का?*

चालू शकतं, पण ते आधी ठरलेलं आणि कागदावर असायला पाहिजे. तिघांचा लेखी करार किंवा ऑर्डरमध्येच त्या कंपनीचं नाव आणि निर्यातीच्या घोषणेतही तसा उल्लेख. पैसे आल्यावर करार तयार करायला बसलात तर बँक शंका घेणारच. इनव्हॉइस करताना खरेदीदाराला एक प्रश्न विचारा: पैसे नेमके कोणत्या नावानं येणार?

*प्रश्न : आमची बिलं छोटी असतात, चार-पाच लाखांची. एवढं सगळं करावं लागतं का?*

रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२५ मध्ये सोय केली आहे, की १० लाख रुपयांपर्यंतच्या बिलांची नोंद निर्यातदाराच्या घोषणेवर बँक बंद करू शकते. आपल्या हळदीचं बिल २१ लाखांचं होतं, म्हणून त्याला ती लागू नव्हती. तुम्हाला लागू आहे. पण घोषणा म्हणजे तुम्ही सही करून सांगताय की पैसे आलेत. ते कोणत्या ॲडव्हाइसवर आले, हे तुमच्या फाइलमध्ये असायलाच पाहिजे.

*प्रश्न : एका रेमिटन्समध्ये तीन इनव्हॉइसचे पैसे एकत्र आले तर?*

तर खरेदीदाराकडून त्याच दिवशी ईमेलवर विभागणी मागवा, कोणत्या इनव्हॉइसचे किती आणि वजावट कोणत्या इनव्हॉइसवर. ती विभागणी बँकेच्या पत्राला जोडा. बँकेचा आकार तिन्हींवर थोडा थोडा वाटत बसू नका. कुठल्या तरी एका बिलावर दाखवा आणि तसं पत्रात स्पष्ट लिहा, म्हणजे बाकीची दोन बिलं पूर्ण रकमेनं बंद होतील.